गॅल्व्हनाइज्ड मालाची पोस्ट: एक लॉट प्लेटपासून पॅकिंगपर्यंत कसा दाखवायचा

मिरजोळे एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. पाइप सपोर्ट, ब्रॅकेट, क्लॅम्प असा माल आम्ही बनवतो आणि तो बर्फाच्या कारखान्यांत, मासळी प्रक्रिया केंद्रांत, जेटीवरच्या पाइपलाइनींवर लागतो. गॅल्व्हनायझिंग आमच्याकडे होत नाही. त्यासाठी माल आंबा घाट चढून जॉबवर्कला जातो आणि जस्त चढवून परत येतो. आसपासच्या युनिटवाल्यांच्या पोस्ट मी रोज पाहतो. ग्राइंडरच्या ठिणग्या, मागे दणदणीत संगीत, शेवटी चकचकीत मालाचा ढीग आणि ‘क्वालिटीत तडजोड नाही’ ही ओळ. खरेदी करणारा इंजिनिअर यातून काहीच शिकत नाही, कारण ठिणग्या सगळ्यांच्याच उडतात.

त्याला भीती असते ती समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याची. ब्रॅकेट दोन पावसाळ्यांत गंजला तर साइटवर त्यालाच उत्तर द्यावं लागतं. म्हणून हा लेख फक्त हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड मालापुरता आहे. उदाहरण म्हणून आमचाच २४० ब्रॅकेटचा एक लॉट घेतो: ६ मिमी प्लेट, मध्ये एक गसेट आणि एम १६ बोल्टसाठी दोन भोकं. ऑर्डरवर अट होती ती आयएस ४७५९ प्रमाणे जस्ताची, म्हणजे दर चौरस मीटरला किमान ६१० ग्रॅम.

## टप्पा १: कॅमेऱ्याआधी जुन्या तक्रारी काढा

गेल्या दोन-तीन वर्षांतले तक्रारीचे मेल आणि व्हॉट्सॲप मेसेज एका कागदावर उतरवा. आमच्याकडे त्यातून चारच गोष्टी निघाल्या: कोटिंग पुरेसं जाड आहे का, वेल्डिंगच्या कोपऱ्यात काळे डाग का, बोल्ट भोकात का जात नाही, आणि मालावर पांढरी पूड कसली. या चार प्रश्नांच्या चार पोस्ट होतात. पाचवी सुचली तर ती कोणत्या तक्रारीचं उत्तर आहे ते आधी लिहा. लिहिता आलं नाही तर ती पोस्ट राहू द्या.

त्याच कागदावर प्रत्येक प्रश्नापुढे ‘हे कशाने मोजतो’ असा रकाना करा. रकाना रिकामा राहिला तर अडचण पोस्टची नाही, कारखान्याची आहे. मापाचं साधन आधी घ्या, व्हिडिओ नंतर.

## टप्पा २: लॉटची तयारी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण लोक माल तयार झाल्यावर फोन काढतात. तोवर निम्मा पुरावा आम्लाच्या टाकीत धुऊन गेलेला असतो.

पहिलं काम परवानगीचं. गिऱ्हाइकाला लेखी विचारा. ‘तुमचं नाव आणि ड्रॉइंग दिसणार नाही, फक्त तपासणी दिसेल’ एवढं कळवलं की बहुतेक जण हो म्हणतात. नाही म्हणाले तर तो लॉट सोडा.

दुसरं काम खुणेचं. प्लेट आली की तिच्यावरचा हीट नंबर आणि मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचा नंबर जुळवून पाहा. मग कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर पंचने खूण ठोका. ऑइल पेंटने किंवा मार्करने लिहू नका. तो रंग आम्लात नीट निघत नाही आणि त्या जागी जस्त धरत नाही. पंचही खोल बसला पाहिजे, नाहीतर जस्ताखाली अक्षर बुजतं. आमच्या लॉटमध्ये २३१ नगांवर A ठोकलं होतं आणि ९ नगांवर B. नवी प्लेट थोडी कमी पडली, म्हणून हे नऊ नग शिल्लक प्लेटीतून कापले होते. या B ची गोष्ट पुढे येते.

तिसरं काम मायक्रॉन मीटरचं. त्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट चालू मुदतीचं हवं. तेवढ्यावर भागत नाही. रोज वापरण्याआधी त्याच जाडीच्या, जस्त न चढलेल्या साफ प्लेटीवर शून्य लावायचं, मग ज्ञात जाडीची पट्टी ठेवून आकडा जुळतो का पाहायचं. हे दहा सेकंदांचं काम व्हिडिओत आलंच पाहिजे. जाणकार माणूस आधी तेच शोधतो.

इशारा: चौकटीत येणारा प्रत्येक कामगार गॉगल, हातमोजे आणि बुटांत असू द्या. वेल्डर स्लिपरवर दिसला की तुमचा ९० मायक्रॉनचा आकडा कोणी वाचत नाही. फक्त शूटिंगपुरते बूट घालायला लावाल तर तेही कळतं, बूट फार नवे दिसतात.

तपासा: टेबलावर दुसऱ्या पार्टीचं ड्रॉइंग, चलन किंवा दर लिहिलेला कागद नाही ना? फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद आहे ना? गिऱ्हाइकाच्या साइटवर फोटो काढणार असाल तर हे दोनदा पाहा.

## टप्पा ३: माल घाट चढण्याआधीचं चित्रण

माल ट्रकमध्ये चढला की या गोष्टी परत दाखवता येत नाहीत.

प्लेटचा एकच फोटो पुरे: हीट नंबर आणि शेजारी सर्टिफिकेटची तीच ओळ. बाकीचं सर्टिफिकेट झाका.

वेल्डिंग मात्र जवळून दाखवा, आणि ठिणग्या उडताना नाही, थंड झाल्यावर. स्लॅग छिन्नीने आणि वायर ब्रशने काढलेला, स्पॅटर घासलेला. स्लॅग काचेसारखा असतो. आम्ल त्याला काढत नाही आणि जस्त त्यावर बसत नाही. गॅल्व्हनायझिंगनंतर कोपऱ्यात दिसणारे काळे डाग बहुतेक वेळा इथूनच आलेले असतात. आम्ही साफ न केलेला आणि साफ केलेला असे दोन जोड शेजारी ठेवून वीस सेकंदांचा व्हिडिओ केला. त्यात काहीच हलत नाही, तरी आमच्या सगळ्या पोस्टमध्ये इंजिनिअर मंडळींनी एकमेकांना सर्वाधिक पाठवला तो हाच.

गसेटचा आतला कोपरा कापलेला असतो तोही दाखवा. न सांगितल्यास तो चुकून कापल्यासारखा वाटतो. तिथून आम्ल आणि वितळलेलं जस्त निथळून जातं. कोपरा बंद ठेवला तर आम्ल आत अडकतं आणि काही महिन्यांनी तिथून तांबडा ओघळ येतो. बंद पाइपचा माल असेल तर हवेची भोकं दाखवणं त्याहून महत्त्वाचं. आत अडकलेली हवा आणि ओलावा सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या जस्तात फुगून नग फुटू शकतो.

भोकाचं माप आधी एकदा घ्या, कारण कोटिंगनंतर तेच भोक परत मोजायचं आहे. व्हर्नियरचा आकडा आणि नगावरची A ची खूण एकाच चौकटीत धरा.

तपासा: ट्रक निघण्याआधी फोनमध्ये चार गोष्टी आहेत का: हीट नंबर, साफ जोड, कापलेला कोपरा, भोकाचं माप.

## टप्पा ४: जॉबवर्कच्या ठिकाणी

हा भाग थोडक्यात आटपा. टाकी तुमची नाही. मालकाची परवानगी मिळाली तर आपला माल आत जाताना आणि बाहेर येताना दूरून घ्या, नाही मिळाली तर सोडून द्या. कॅप्शनमध्ये ‘गॅल्व्हनायझिंग बाहेरून करून घेतो, परत आल्यावर आम्ही तपासतो’ असं सरळ लिहा. दुसऱ्याची टाकी आपली म्हणून दाखवणारे मी पाहिले आहेत. गिऱ्हाईक एक दिवस फॅक्टरी बघायला येतं आणि टाकी शोधत बसतं.

## टप्पा ५: परत आल्यावरची तपासणी

मुख्य पोस्ट ही. तिला वेळ द्या.

आधी उजेड. ताज्या जस्तावर दुपारचं ऊन पडलं की फोटोत नुसता पांढरा झोत दिसतो. सकाळी, शेडच्या दारात, सावलीच्या बाजूला उभे राहा. खाली निळी ताडपत्री किंवा काळा रबर मॅट टाका. पावसाळ्यात फोन एसी केबिनमधून थेट शेडमध्ये आणला तर लेन्सवर धुकं धरतं, म्हणून तो पाच मिनिटं बाहेर ठेवून मगच सुरुवात करा.

नग निवडताना कॅमेरा चालू ठेवा. ढिगातले वरचे घेऊ नका. वरून, मधून, तळातून घ्या. आम्ही २४० पैकी १२ घेतले. प्रत्येक नगावर पाच ठिकाणी मीटर लावला, कडेपासून किमान १० मिमी आत. कडेला आकडा भलताच येतो.

आता आकड्यांची भाषा. ऑर्डर ग्रॅममध्ये असते, मीटर मायक्रॉनमध्ये बोलतो. जस्ताचा एक मायक्रॉन थर म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ७.१४ ग्रॅम. ६१० ला ७.१४ ने भागलं की ८५.४ येतात, म्हणून आम्ही हद्द ८६ धरतो. ही एक ओळ पोस्टमध्ये लिहा. पर्चेसवाल्यांपैकी अनेकांना हा हिशेब कोणी करून दाखवलेला नसतो.

मग रीडिंग. इथली नेहमीची चूक म्हणजे सर्वात मोठा आकडा दाखवणं. ‘१२२ मायक्रॉन!’ असा फोटो टाकला तर अनुभवी माणूस एवढंच म्हणतो की एका जागी १२२ आहे, बाकी कुठे किती? सरासरी टाका आणि तिच्याबरोबर सर्वात कमी भरलेल्या नगाचा आकडाही टाका. त्या कमी आकड्याचा फोटोही असू द्या.

रंगाबद्दलही एक ओळ हवी. काही नग चकचकीत येतात, काही राखाडी. हा फरक बराचसा पोलादातल्या सिलिकॉनमुळे पडतो. राखाडी नगावर थर अनेकदा जास्तच जाड असतो. हे आधी सांगितलं नाही तर गिऱ्हाईक चकचकीत नग चांगला समजून राखाडी परत पाठवतं. फोटोत दोन्ही रंग शेजारी ठेवा, प्रत्येकावर मीटर लावा.

शेवटी भोक. ड्रॉइंगप्रमाणे कोटिंगनंतर ते किमान १७.५ मिमी हवं होतं, म्हणून १७.५ ची पिन आरपार जाताना दाखवली. अडलेल्या दोन नगांत जस्ताचा थेंब गोठला होता. तो कसा काढला तेही दाखवलं. नट सोबत देत असाल तर आटे गॅल्व्हनायझिंगनंतर मारले आहेत आणि आत जस्त नाही हे स्वतःहून सांगा. बसवल्यावर बोल्टवरचं जस्त त्या आट्यांनाही सांभाळतं. ही ओळ नसली की ‘नटाच्या आत कोटिंग नाही’ असा मेल येतो. आम्हाला आला होता.

इशारा: मीटरचा आकडा, नगावरची खूण आणि तारखेची लॉट चिठ्ठी एका चौकटीत नसेल तर तो फोटो कुठल्याही मालाचा असू शकतो. आकडा स्पष्ट यावा म्हणून चौकट कापू नका, कॅमेराच जवळ न्या.

## टप्पा ६: नापास नग निघाला तर

आमच्या बारापैकी अकरा नगांची सरासरी ९२ ते १०८ आली. बारावा ८१. पाठीवर B.

मग नऊही B मोजले. सगळे ७८ ते ८३. शिल्लक प्लेटीचं जुनं सर्टिफिकेट काढलं तर सिलिकॉन अगदी नावापुरतं होतं. अशा पोलादावर जस्ताचा थर हळू वाढतो आणि ६ मिमीला ८६ गाठणं कठीण जातं. टाकीत जास्त वेळ ठेवूनही फार फरक पडत नाही. पृष्ठभाग खरखरीत केला तर जस्त जास्त धरतं, म्हणून नऊ नगांचं जस्त आम्लात उतरवून, ब्लास्टिंग करून ते पुन्हा टाकीत गेले. परत आले तेव्हा सर्वात कमी नग ९४ भरला. पंचची खूण नसती तर नऊ नग शोधायला २४० मोजावे लागले असते, किंवा बारा निवडताना B हाती लागला नसता तर कळलंच नसतं. त्यानंतर एका लॉटमध्ये दोन हीट असतील तर दोन्हींतून वेगवेगळे नग काढायचे असं ठरवलं.

याची पोस्ट करताना क्रम चुकवू नका. आधी गिऱ्हाइकाला फोन, मग लेखी कळवणं, मग दुरुस्ती, त्यांच्याकडून ‘ठीक आहे’ आल्यावर पोस्ट. आपल्या मालातला दोष फेसबुकवर वाचून कळला तर कोणीही भडकेल. आणि दोष जॉबवर्कवाल्याच्या गळ्यात मारू नका. इथे शिल्लक प्लेट आम्हीच वापरली होती.

कॅप्शन असं होतं:

> ६ मिमी ब्रॅकेट, लॉट २४० नग. अट: ६१० ग्रॅम/चौ.मी., म्हणजे सुमारे ८६ मायक्रॉन.
> तपासले १२ नग, प्रत्येकी ५ रीडिंग. ११ नगांची सरासरी ९२ ते १०८. एक नग ८१, नापास.
> त्याच प्लेटीचे नऊही नग मोजले, नऊही कमी. कारण: शिल्लक प्लेट, सिलिकॉन कमी.
> जस्त उतरवून, ब्लास्टिंग करून पुन्हा गॅल्व्हनाइज केले. आता नऊपैकी सर्वात कमी ९४.
> गॅल्व्हनायझिंग बाहेरून, तपासणी आमची.

विशेषण एकही नाही. ‘सर्वोत्तम’, ‘जागतिक दर्जा’ हे शब्द आले की वरचे आकडे जाहिरातीसारखे वाटायला लागतात.

## टप्पा ७: पॅकिंग, म्हणजे पावसाळ्याची पोस्ट

कोकणात ही पोस्ट टाळून चालत नाही. एका जुलैत घाट उतरताना ताडपत्री फाटली आणि ओले नग एकमेकांना चिकटून दोन दिवस ट्रकमध्ये राहिले. उघडले तर पांढरी पूड. जस्ताला पाणी मिळतं पण हवा मिळत नाही तेव्हा हा पांढरा गंज धरतो. गिऱ्हाईक ते पाहून जस्तच खराब म्हणतं.

आता नगांमध्ये कोरड्या लाकडाच्या पट्ट्या असतात. ओलं लाकूड चालत नाही, तेच पाणी सोडतं. गठ्ठा एका बाजूला कललेला ठेवतो, म्हणजे पाणी साचत नाही. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळत नाही, आत वाफ धरते. पोस्टमध्ये ही रचना दाखवाच, पण त्याहून उपयोगी म्हणजे माल मिळाल्यावर काय करायचं ते सांगणं: गठ्ठा लगेच सोडा, जमिनीपासून उंच ठेवा, नगांत हवा खेळू द्या. हलकी पांढरी पूड दिसली तर नायलॉनच्या ब्रशने घासा आणि मीटर लावून पाहा. आकडा हद्दीच्या वर असेल तर माल वापरायला हरकत नाही. पूड जाड असेल किंवा खाली काळपट खड्डे दिसत असतील तर फोटो पाठवा, तो नग आम्ही बदलू.

तपासा: ही पोस्ट मेच्या अखेरीस गेली पाहिजे. आम्ही एकदा ती गणपतीत टाकली, तेव्हा तक्रारी येऊन गेल्या होत्या.

## टप्पा ८: टाकणं आणि उत्तरं देणं

चारही पोस्ट एकाच दिवशी टाकू नका. जोड, तपासणी, भोक, पॅकिंग या क्रमाने, आठवड्याला एक. इंजिनिअर मंडळी लिंक्डइनवर असतात. तिथे मजकूर मराठीत लिहून खाली इंग्रजीत आकड्यांच्या दोन ओळी द्या, कारण पोस्ट पुढे मुंबई-पुण्याच्या ऑफिसात जाते. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की दाबला जातो आणि मीटरचा आकडा पुसट होतो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण तसं पाठवताना फोटोतली लोकेशनची माहितीही सोबत जाते, म्हणून टप्पा २ मधली सूचना लक्षात ठेवा.

कमेंटमध्ये तांत्रिक प्रश्न आला तर उत्तर तिथेच द्या. पुढच्या वाचणाऱ्याला तोच प्रश्न असतो. दर विचारला तर फोनवर बोला. ‘आमच्याकडे तुमचाच माल गंजला’ अशी कमेंट आली तर ती पुसू नका. लॉटची खूण विचारा, आणि खूण मिळाली की त्या लॉटची रीडिंग काढून तिथेच लिहा.

ती काढता यावी म्हणून मूळ फोटो लॉट नंबरच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि सोबत रीडिंगचा कागद, तोही हातानं लिहिलेलाच, स्कॅन करून. या लॉटनंतर आठ महिन्यांनी एका साइटवरून फोन आला: ‘ब्रॅकेटवर B आहे, बाकीच्यांवर A, हे काय आहे?’ फोल्डर उघडून नऊही नगांची दुसऱ्या वेळची रीडिंग पाठवायला मला चार मिनिटं लागली.